लिंक उघडण्याआधी: पालकांसाठी एक पान

आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत आठ मशीन होत्या, त्यांतल्या सहा चालायच्या. दोन हजार सहा-सातच्या सुमारास इंटरनेट आलं आणि महिनाभरातच चालणाऱ्या पाच झाल्या.

तिसऱ्या नंबरच्या मशीनवर काहीही उघडलं की वर जाहिरातींच्या खिडक्या उघडायच्या. एक बंद केली की दोन. मी सातवीच्या वर्गाला उभं केलं आणि विचारलं, "कुणी काय दाबलं?" कुणीच काही दाबलं नव्हतं. मी म्हटलं, सांगितलं नाही तर सगळ्यांचा कॉम्प्युटरचा तास बंद. तरी कुणी बोललं नाही. तास बंद केला. त्या तासाला मुलं खो-खो खेळली आणि शिक्षा कुणाला झाली ते मला नीट कळलं नाही.

मोठ्या बाई म्हणाल्या, "पालकसभा आहे शनिवारी. आता घराघरात कॉम्प्युटर येतोय. कुठल्या लिंकवर मुलांनी जावं, कुठल्या नाही, ते पालकांना लिहून द्या. एक पान. जास्त कुणी वाचत नाही."

मी चौदा नियम लिहिले. पहिल्या बारांत 'सक्त मनाई' हे शब्द होते.

सभेला बावीस पालक आले. मी पान वाचून दाखवलं. एका वडिलांनी विचारलं की कॉम्प्युटरला कव्हर घालणं गरजेचं आहे का. मी हो म्हटलं. मग मागून अंजूर गावच्या एक बाई उभ्या राहिल्या. त्यांच्या जमिनीवर गोडाऊन झालं होतं आणि त्या पैशातून घरी कॉम्प्युटर आला होता, हे त्यांनी आधीच शेजारणीला सांगितलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं.

"बाई, तुमच्या मशीनवर दाबलं ते माज्या पोरीनं," त्या म्हणाल्या. "तुम्ही बक्षीस जिंकलं, असं लुकलुकत व्हतं. तिनं दाबलं. आठ दिस धड जेवली न्हाय. मी बोलले, जाऊन सांग बाईंना. ती बोलते, बाई ओरडतील."

सभेत कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही, कारण मी खरंच ओरडले असते.

"मंग यात," त्यांनी माझं पान वर धरलं, "चुकून दाबलं तर काय करायचं, ते कुठं हाय?"

ते कुठंच नव्हतं.

सभा संपल्यावर त्या थांबल्या. म्हणाल्या, खोटी लिंक कशी ओळखायची ते मला दाखवा, मी घरी पोरीला दाखवीन. मी त्यांना मशीनसमोर बसवलं. माऊसचा बाण लिंकवर नुसता न्यायचा, दाबायचं नाही. मग खिडकीच्या तळाशी पट्टीत खरा पत्ता दिसतो. वर निळ्या अक्षरांत काहीही लिहिता येतं, दाबल्यावर आपण जातो ते खालच्या पत्त्यावर. तो पत्ताही पूर्ण वाचायचा नाही. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधायची, आणि तिच्या अलीकडच्या 'डॉट कॉम'ला डावीकडे लागून जे नाव, तो मालक. त्याच्याही आधी नावं असतील तर ती कुणीही लावू शकतो.

"म्हंजे आडनाव बघायचं," त्या म्हणाल्या.

मला कॉम्प्युटरचा कोर्स करताना हे कुणी इतकं सोपं सांगितलं नव्हतं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण अक्षरं जुळवून बघता येत होती. एका तासात त्यांनी दोन खोट्या लिंक ओळखल्या आणि एका खऱ्या लिंकवर नाहक संशय घेतला. मी म्हटलं, संशय चालेल.

त्या रात्री मी पान पुन्हा लिहिलं. चौदाचे पाच नियम राहिले. पहिला असा: मुलानं चुकून काही उघडलं आणि येऊन सांगितलं, तर रागावू नका, आधी खिडकी बंद करा, मग शांतपणे काय झालं ते विचारा. दुसरा: बक्षीस, धमकी किंवा घाई दिसली की हात मागे. तिसरा आडनावाचा. चौथा: पासवर्ड मागणाऱ्या लिंकवर जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा. पाचवा: कळलं नाही तर विचारा.

मोठ्या बाईंनी पहिला नियम दोनदा वाचला. "हा पालकांसाठी आहे की तुमच्यासाठी?" म्हणाल्या आणि सही केली.

सोमवारी त्या मुलीला मी वर्गाबाहेर बोलावलं. ती आधीच रडायला तयार होती. मी म्हटलं, "तास बंद केला, ती माझी चूक होती." तिनं वहीचं शेवटचं पान उघडलं. घरी आलेल्या एका मेलमधला लांबलचक पत्ता तिनं पेन्सिलीनं उतरवून आणला होता, एकही अक्षर न चुकता.

"याचं आडनाव कुठलं, बाई?" ती म्हणाली. "आई बोलते, हा खोटा हाय. मला वाटतंय खरा."

आम्ही दोघी पायरीवर बसलो आणि तिरक्या रेघा मोजू लागलो. आईचं बरोबर होतं.