अडीच हजार फेऱ्या

मी मुळात कमी बोलतो, त्यामुळे त्या सहा महिन्यांत मी काही लपवतोय असं घरी कुणाच्या लक्षात आलं नाही. बायकोला वाटायचं, पित्त झालंय. मीही तिला तसंच वाटू दिलं.

बारामतीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी वीस-बावीस वर्षं टेक्निशियन आहे. आमचं सेंट्रिफ्यूज जमिनीवर उभं राहणारं, कमरेएवढं. रक्ताच्या नळ्या त्यात फिरवल्या की पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर प्लाझ्मा उरतो. मी लागलो तेव्हापासून आमची भाषा एकच. "कितीवर लावू?" "अडीच हजारावर लाव." म्हणजे मिनिटाला अडीच हजार फेऱ्या. पेशी खाली दाबल्या जातात त्या जोरानं, नुसत्या फेऱ्यांच्या आकड्यानं नव्हे, आणि तो जोर मशीनच्या त्रिज्येवरही ठरतो, हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो. कामावर मात्र तो जोर कुणाच्या तोंडी नव्हता.

इंदापूरला आमचं दुसरं केंद्र निघालं तेव्हा तिथं टेबलावरचं छोटं मशीन घेतलं. कामाचा कागद मीच लिहिला आणि प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीला चिकटवला: 'रक्त गोठण्याच्या खास तपासण्या – २५००, दहा मिनिटं, दोनदा. मग फ्रीजरमध्ये गोठवून पुण्याच्या मोठ्या लॅबला.' खाली सही. मशीनचं झाकण उघडून त्रिज्या मोजायला दोन मिनिटं लागली असती, पण मला बारामतीची एसटी गाठायची होती.

वर्षभरानंतर इंदापूरहून त्याच दिवशीचा थोडा प्लाझ्मा माझ्याबरोबर आला होता. गोठवण्याआधी सहज म्हणून मी तो पेशी मोजायच्या मशीनवर लावला. अशा तपासणीसाठी प्लाझ्मात प्लेटलेट दहा हजारांच्या आत हव्यात. निघाल्या तिपटीनं जास्त. पुन्हा लावला, तेच. म्हणजे इंदापूरच्या मशीनमध्ये पेशी पुरत्या खाली बसत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन इंदापूरला गेलो. तिथं काम बघणाऱ्या ताई पस्तिशीच्या, गणितात माझ्या वरचढ आणि बोलायला त्याहून. मधल्या आसापासून नळीच्या तळापर्यंत आम्ही अंतर, म्हणजे त्रिज्या, मोजलं. आठ सेंटिमीटर. बारामतीचं मी आदल्या संध्याकाळी मोजून ठेवलं होतं, साडेएकवीस.

"आता हिशोब," मी म्हणालो. "फेऱ्यांना हजारानं भागायचं, त्याचा वर्ग करायचा, त्याला त्रिज्येनं गुणायचं आणि मग ११.१८ नं."

ताईंनी मोबाईलवर बोटं चालवली. "बारामतीचा जोर पंधराशे दोन. हितला..." त्या थांबल्या. "सर, हितला पाचशे एकोणसाठच हाय की."

"त्रिज्या पावणेतीन पट कमी, म्हणून फेऱ्या तेवढ्या पट वाढवू. पावणेसात हजार."

"व्हय का? मग उडवा मशीन माळवाडीपर्यंत! ह्याचा काटा पाच हजाराच्या म्होरं जातच न्हाय." त्या हसल्या. "फेऱ्यांचा वर्ग होतोय ना, सर? मग त्या पटीचं मूळ काढायला लागंल. मूळ आलं एक पॉइंट चौसष्ट. अडीच हजार गुणिले ते, म्हंजी एकेचाळीसशे."

उलटं ताडून पाहिलं. एकेचाळीसशेवर पंधराशे तीन. मी जुना कागद फाडला, नवा लिहिला. यावेळी फेऱ्यांच्या आधी जोर लिहिला आणि त्रिज्याही लिहिली.

ताई फाटका कागद बघत होत्या. "मग आधीच्यांचं काय, सर?"

"आधीचं सोडा," मी म्हणालो. "एवढ्यानं काही फरक पडत नाही."

ते खोटं होतं, आणि बोलताना मला ते माहीत होतं. रजिस्टर चाळलं. वर्षभरात असे तीन नमुने गेले होते. त्यातला एक पळसदेवच्या अंगणवाडी सेविकेचा. तिचे तीन गर्भ गेले होते. अंगातच काही प्रतिपिंडं तयार होऊन रक्ताच्या गाठी होतात आणि त्यानं गर्भ जातो का, ते त्या तपासणीत बघतात. प्लाझ्मात प्लेटलेट राहिल्या तर गोठवताना त्या फुटतात, आणि ती प्रतिपिंडं त्यांच्या चरबीला चिकटून बसतात. मग तपासणीला ती सापडत नाहीत. तिचा अहवाल आला होता, 'आढळले नाही.'

माझी नोकरी, माझी सही, मालकांचा माझ्यावरचा विश्वास, हे सगळं मी मनात मांडून पाहिलं आणि गप्प बसलो. इंदापूरचा नमुना आला की त्या रात्री ताट अर्धं टाकून उठायचो. असे सहा महिने गेले.

मग एका सकाळी ताईंचा फोन आला. "सर, पळसदेवच्या त्या मॅडम आल्यात हिमोग्लोबिनला. सहावा आठवडा हाय. तुमाला म्हाईत असावं म्हणून सांगितलं." ताईंना सगळं कळत होतं.

"त्यांना बसवून ठेवा," मी म्हणालो.

पहिल्यांदा मालकांकडं गेलो आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मोजलं नाहीस ते समजू शकतो. सहा महिने काय करत होतास?" त्यांनी गाडीची किल्ली पुढं केली. तिला तपासणाऱ्या इंदापूरच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमना मी वाटेतून फोन केला. त्यांनी तीनच प्रश्न विचारले, आवाज चढवला नाही, आणि म्हणाल्या, "आजच पुन्हा रक्त घ्या. आणि तिला तुम्ही सांगा, मी नाही."

ती बाकावर बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. नवरा बाहेर मोटारसायकलपाशी. मी समोर स्टूल घेतलं आणि सांगितलं. तुमचा मागचा अहवाल भरवशाचा नव्हता. मशीन कमी जोरानं फिरलं, कारण मी न मोजता आकडा लिहिला. आणि हे मला सहा महिन्यांपासून माहीत होतं.

"म्हंजी माझ्यात दोष न्हाय म्हणून त्या कागदात आलं, ते खरं नसंल?"

"नसेल."

"त्या कागदावरून आमच्या सासूबाई म्हणल्या, मग तू नीट जपलं नसशील." तिनं नाक पुसलं. "सहा महिनं, दादा?"

"हो."

"तुमाला लेकरं हायत?"

"दोन."

तिनं बाही वर सरकवली. "घ्या. आता तरी नीट फिरवा."

ताईंनी रक्त घेतलं. एकेचाळीसशे, दहा मिनिटं, मग प्लाझ्मा तळाच्या पेशींना न डिवचता वरून काढला, नव्या नळीत घालून पुन्हा दहा मिनिटं. थोडा बारामतीला नेऊन मोजला. प्लेटलेट पाच हजारांच्याही खाली. बाकीचा बर्फात घालून पुण्याला गेला.

अहवाल आला, 'आढळले.' बारा आठवड्यांनी पुन्हा बघितल्याशिवाय निदान पक्कं धरत नाहीत. पण आधीचे तीन गर्भ गेलेले असल्यामुळे डॉक्टर मॅडम थांबल्या नाहीत. रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून रोज पोटावर एक इंजेक्शन आणि एक छोटी गोळी सुरू केली. उरलेल्या दोघांनाही मी जाऊन सांगितलं. एकाच्या मुलानं मला दारातूनच हाकललं. बरोबरच केलं. दुसऱ्यांचा अहवाल पुन्हा करूनही तसाच आला. मालकांनी मला काढलं नाही. दोन्ही केंद्रांतलं प्रत्येक मशीन मोजायला लावलं आणि प्रत्येक नवा कागद ताईंकडून तपासून घ्यायचा असं ठरवलं. ताई तपासतात, चुका लाल पेनानं काढतात आणि वर मला ऐकवतात.

बारा आठवड्यांनंतरचा तिचा नमुनाही 'आढळले' असाच निघाला. इंजेक्शनचा परिणाम मध्ये येऊ नये म्हणून ते त्या सकाळी रक्त घेतल्यावरच टोचलं होतं. आता आजाराचं नाव पक्कं झालं होतं, आणि उपचार आधीपासून चालू होता.

परवा मी इंदापूरला असताना ती अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या रक्ताला आली. या वेळी सासूबाई बरोबर होत्या, पिशवी त्यांच्याच हातात. तिनं मला बघितलं, हसली नाही. पण नळी मशीनमध्ये ठेवायला निघालो तेव्हा मागून विचारलं, "दादा, किती जोर?"

मी तिला आकडा सांगितला.