प्रोबेशनच्या मध्यावरचा कागद

बोर्ली पंचतनच्या त्या खासगी दवाखान्यात मी स्टाफ नर्स म्हणून लागले, तेव्हा प्रोबेशन सहा महिन्यांचं होतं. मी तळा गावची. आई-बाबा तिकडेच, मी इथे एका खोलीत भाड्याने. तीन महिने होत आले तेव्हा मेट्रन मॅडमनी निरोप धाडला, "ड्युटी संपली की केबिनमध्ये ये. तुझ्या कामाची मध्यावधी नोंद द्यायची आहे."

त्या नोंदीत काय असणार, ते मला ठाऊक होतं. पंधरा दिवसांपूर्वी हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या एका आजोबांचं बीपी दुपारी उतरायला लागलं. दवाखान्याच्या डॉक्टर सरांची जेवणाची वेळ होती आणि त्या वेळी फोन केला की ते खेकसतात, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले होते. म्हणून मी चार्टवर आकडा लिहिला आणि थांबले. दहा मिनिटांनी परत बघितलं, परत थांबले, असं चाळीस मिनिटं चाललं. मेट्रन मॅडम राउंडला आल्या, त्यांनी चार्ट पाहिला आणि चपला फटफटवत फोनकडे धावल्या. आतून रक्तस्राव होत होता. आजोबांना अ‍ॅम्ब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलला न्यावं लागलं. ते वाचले. पण अ‍ॅम्ब्युलन्स गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन कितीतरी वेळ नळ सोडून उभी होते.

केबिनमध्ये मॅडमनी कागद माझ्याकडे फिरवला. "आधी वाच. मग बोलू."

पहिल्या ओळी चांगल्या होत्या. पेशंटशी बोलणं मायेचं, शिरेत सुई घालण्यात हात चांगला, वेळेवर हजर. मग लिहिलं होतं: 'बीपी उतरल्याचं दिसूनही डॉक्टरांना कळवायला चाळीस मिनिटं उशीर. औषध दिल्याची वेळ तीनदा लिहिलेली नाही.' पुढे तारखा होत्या. आणि खाली: 'ही सुधारणा पुढच्या तीन महिन्यांत दिसली नाही, तर कायम करण्याची शिफारस मी करणार नाही.'

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

"मॅडम, तुम्ही मला काढणार आहात?"

"आज नाही. पण सहा महिन्यांनी मी 'नको' म्हटलं आणि तू विचारलंस, आधी का नाही सांगितलंत, तर माझ्याकडे उत्तर हवं की नाही?"

"मला सरांची भीती वाटते," मी म्हटलं. एवढं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "मलाही वाटायची. ते ओरडले तर ओरडू देत. फोन लागला नाही तर मला उठव, मी जेवत असले तरी. आणि दर सोमवारी तुझे चार्ट मी तुझ्यासोबत बसून बघणार." त्यांनी तेही कागदावर लिहिलं. "सही कर. सही म्हणजे कागद मिळाला, इतकंच. पटलं नसेल तर खाली लिही."

मी खाली काहीच लिहिलं नाही. सही करताना अक्षर वेडंवाकडं आलं. माझी प्रत घेऊन खोलीवर गेले. आईचा फोन आला, तर "सगळं छान" असं खोटं बोलले.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. चार्ट ठेवून दिला तरी परत उघडून बघायचे. दारावर पावलं वाजली तरी वाटायचं, काहीतरी राहिलंय.

मग एका दुपारी दिघीकडच्या एका मासेवालीला अँटिबायोटिकची ड्रिप सुरू केली. पाच मिनिटांत ती म्हणाली, "सिस्टर, अंग लय खाजतंय. घसा आवळतोय." ओठ सुजायला लागले होते. मी ड्रिप बंद केली आणि सरांना फोन लावला. घड्याळात सव्वादोन.

"आता जेवायची वेळ आहे!" सर गरजले.

"सर, पेशंटचा चेहरा सुजतोय, श्वास लागतोय. अँटिबायोटिकची रिअ‍ॅक्शन आहे. ड्रिप बंद केली आहे." माझा आवाज फाटला होता, पण वाक्य पुरं झालं.

सरांचा सूर बदलला. "मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन दे, ऑक्सिजन लाव. मी आलोच."

ते आले. ती वाचली. सर मला काही बोलले नाहीत, चांगलं नाही आणि वाईटही नाही. मी मात्र स्टुलावर बसून वेळा लिहिल्या, एकेक मिनिट.

सहाव्या महिन्यात मॅडमनी पत्र दिलं. प्रोबेशन दोन महिने वाढवलं होतं. फोन करण्यात सुधारणा स्पष्ट, पण नोंदींमध्ये त्या महिन्यातही दोन जागी औषधाची वेळ लिहिलेली नव्हती. त्या दोन जागा मीच सोमवारी मॅडमना दाखवल्या होत्या. मी वाईट वाटून घेतलं, रडलेही. पण पत्रात मला माहीत नसलेलं एकही वाक्य नव्हतं.

दोन महिन्यांनी कायम झाले. त्या दिवशी आईला आधी ते वाढवलेलं प्रोबेशन सांगितलं, मग ही बातमी. ती म्हणाली, "मेले, एवढं गिळून बसली होतीस?" आणि मग तिने मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.