आठ टीबीचा डबा

पेणच्या आमच्या स्टुडिओत लग्नाचं शूटिंग मी करायचो, एडिटिंग बायको करायची. ती गेल्यावर डिस्कांचा ढीग आणि मी, एवढेच उरलो. त्यातली एक डिस्क कुरकुरायला लागली तेव्हा घाबरून सगळं काम क्लाउडवर ठेवायचं ठरवलं.

एकूण बारा टीबी. आमच्या लाइनीला अपलोडचा वेग दहा एमबीपीएस, तोही वीज असेल तेव्हा. प्रोग्राम जुन्या लग्नांपासून सुरू झाला आणि चार महिने लागतील म्हणाला. तीन आठवडे मी त्या आकड्याकडे बघत चहा प्यायलो, नेटवाल्याला मनसोक्त शिव्या घातल्या. दुसरं बोलायला होतं कोण?

शेवटी कंपनीला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "काका, आम्ही रिकामी डिस्क पाठवतो. भरून कुरियर करा, इथे थेट चढवू. मग फक्त नवीन काम नेटवरून येईल."

डबा आला आठ टीबीचा. बारातले चार कुठे कोंबू? आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला कापून-जोडून फायनल दिली की रॉ, म्हणजे मूळ शूटिंग, पुसतात. बायको मात्र पुसू द्यायची नाही, त्यावरून आमची कायम जुंपायची. मी अपलोड थांबवलं, नुसत्या फायनल निवडल्या, पासवर्ड लावून डबा रवाना केला. आठवड्याभरात सगळं पोचल्याचा मेल आला. सीझन तोंडावर होता. जुन्या डिस्का पुसून कामाला लावल्या.

सीझन संपला आणि एका दुपारी तिचा आवाज ऐकावासा वाटला. शूटिंगला ती माझ्याबरोबर यायची आणि कॅमेऱ्यामागून सतत बोलायची. एक फायनल उघडली, सनई. दुसरी उघडली, गाणं. मग आठवलं, मूळ आवाज काढून गाणी ती स्वतःच टाकायची. इतक्या वर्षांच्या लग्नांत तिचा एक शब्द नव्हता. जे होतं ते रॉमध्ये, आणि रॉ मी माझ्या हातानं पुसले होते. त्या दिवशी मला माझाच राग आला, आणि तो काढायलाही घरात कोणी नव्हतं.

नंतर कंपनीचा मेल आला: तुमचं अर्धवट राहिलेलं जुनं अपलोड जागा अडवतंय, काढून टाकू का? मी काय आहे म्हणून बघायला गेलो. तीन आठवड्यांत त्या रडक्या लाइनीनं पहिली काही लग्नं चढवली होती, रॉसकट.

पहिलंच लग्न रोह्याचं. मांडवात गलका, नवरीचा मामा वाकून काहीतरी शोधतोय. आणि अगदी माझ्या कानाशी ती:

"अहो, जेवलाव काय? पंगत उठताय. मग म्हणाल कोणी विचारलं नाय."

पुढे बराच वेळ मामाच दिसत राहतो. मी कंपनीला मेल लिहिला: काहीही काढू नका.