पाचवा नियम

रक्तपेढीत अकरा वर्षं काढल्यावर तिला नाव उरलं नव्हतं. सगळे तिला मावशी म्हणायचे. बहिणीची मुलं म्हणतात ती मावशी वेगळी. रुग्णालयातली मावशी म्हणजे जिला कोणीही, कुठूनही, "मावशी, जरा हे उचला" म्हणून हाक मारावी ती. ती कामाला लागली तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि साठीला टेकलेले डॉक्टरसुद्धा तिला मावशीच म्हणायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. तिला वाटायचं, पण तिला विचारतो कोण!

सदतिसाव्या वर्षी तिने बिनपगारी रजा टाकली आणि त्याच रुग्णालयाच्या कॉलेजात भूल-तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या शेजारी उभं राहायचं, यंत्र तयार ठेवायचं, पेशंटच्या ऑक्सिजनवर डोळा ठेवायचा, असं ते काम. ते काम तिला का हवं होतं, हे तिने फक्त लेकीला सांगितलं होतं. "ऑपरेशनच्या कागदावर तंत्रज्ञाचं नाव लिहितात गं. पूर्ण नाव." लेक दहावीत होती. तिला हसू आलं, मग आई हसत नाही हे बघून तिने ते आवरलं.

पहिल्या वर्षी बाकी सगळे विषय सुटले, शरीरक्रियाशास्त्राने मात्र धरून ठेवलं. पन्नासला पास, हिला एक्केचाळीस. नियम असा की पहिल्या वर्षाचा विषय दोन प्रयत्नांत सुटला नाही तर नाव कमी. म्हणजे पुन्हा रक्तपेढी, पुन्हा "मावशी, जरा हे उचला". आता एकच संधी उरली होती, आणि ती तिच्यापेक्षा अठरा-एकोणीस वर्षांनी लहान मुलांबरोबर बसून घ्यायची होती.

त्या वर्गात पाच जणांचा एक अभ्यासगट होता. गटाचा म्होरक्या म्हणजे स्कॉलर. हे त्याचं टोपणनाव, आणि ते त्याला शोभायचंही, हे कबूल केलं पाहिजे. दुसरी बडबडी, जिला दम लागेपर्यंत बोलायची सवय. उरलेले तिघे या दोघांच्या मागे मान हलवणारे. अभ्यास म्हणजे कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसून स्कॉलरच्या वहीचे फोटो काढायचे. मावशीला त्यांनी सामावून घेतलं ते तिने त्यांना रक्तपेढीतल्या गोष्टी सांगितल्या म्हणून. तिला रागही यायचा आणि बरंही वाटायचं.

एका रविवारी तिने गटाला पत्र लिहिलं. मोबाइलवर चार ओळी टाकता आल्या असत्या, पण तिला ते कागदावर हवं होतं. लेकीने शुद्धलेखन तपासलं. पत्र असं होतं:

"माझ्या गटातल्या सोबत्यांना, नमस्कार. फोटो काढून माझ्या डोक्यात काही शिरत नाही, तुमच्याही शिरत असेल असं वाटत नाही. म्हणून सुचवते. दर गुरुवारी चार वाजता प्रात्यक्षिकाची खोली रिकामी असते. तिथे आपण एकमेकांना शिकवू. एक, दर आठवड्याला एक विषय, एक शिकवणारा. विषय चिठ्ठ्या टाकून वाटायचे. दोन, शिकवणाऱ्याने वही न बघता फळ्यावर पंचवीस मिनिटं शिकवायचं. तीन, मग पंधरा मिनिटं बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. चार, शेवटी प्रत्येकाने आकृती आठवून काढायची, आणि पुढच्या गुरुवारची सुरुवात मागच्या विषयावरच्या तीन प्रश्नांनी. पाच, शिकवणं चालू असताना एकाने पुस्तक उघडून बसायचं आणि चूक दिसली की तिथेच थांबवायचं. रक्तपेढीत पिशवी देताना एक जण नंबर मोठ्याने वाचतो आणि दुसरा कागदावर बघतो. वाचणारा कितीही जुना असो, बघणारा लागतोच. तसंच हे."

खाली तिने सही केली. पूर्ण नावाची.

सोमवारी कॅन्टीनमध्ये पत्र हातोहात फिरलं. बडबडी खूश झाली. तिला हक्काची पंचवीस मिनिटं मिळणार होती. तिघांनी मान हलवली. स्कॉलरने पत्र दोनदा वाचलं आणि पाचव्या नियमावर बोट ठेवलं.

"कल्पना भारी आहे मावशी. पण हे काय? मी शिकवणार आणि कोणीतरी पुस्तक घेऊन माझ्यावर पहारा देणार?"

"पहारा नाही रे. आम्ही रोज करतो ते."

"पिशव्या वेगळ्या, डोकं वेगळं. असं मध्ये मध्ये टोकलं तर लिंक तुटते. एकमेकांवर विश्वास नसेल तर गट कशाला?"

विश्वासाचं नाव काढलं की समोरच्याची बोलती बंद होते. तिघांनी यालाही मान हलवली. बडबडी म्हणाली, "सोडा ना मावशी, बाकीचे चार मस्त आहेत." मावशीने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. गटाबाहेर पडून एकटीने अभ्यास केला तर काय होतं ते तिने गेल्या वर्षी पाहिलं होतं. तिने बडबडीचं पेन घेतलं आणि पाचव्या नियमावर स्वतःच्या हाताने आडवी रेघ मारली. स्कॉलरने पत्राचा फोटो काढला.

गुरुवार सुरू झाले, आणि चांगले चालले. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. बडबडीने हृदयाचे ठोके शिकवले आणि पहिल्यांदाच कोणी तिला थांबवलं नाही. मावशीच्या चिठ्ठीत मूत्रपिंड आलं. ती आठवडाभर घाबरली होती. फळ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कपाट आवरताना आपण काय करतो? आधी सगळं बाहेर काढतो, मग हवं ते परत आत ठेवतो. मूत्रपिंड तेच करतं. गाळताना बारीकसारीक सगळं बाहेर, मग साखर, पाणी, मीठ हवं तेवढं परत आत." त्या दिवशी सहाही जणांची आकृती बरोबर आली. एक मान हलवणारा म्हणाला, "मॅडमपेक्षा तुम्ही बऱ्या." घरी जाऊन तिने ते लेकीला तीनदा सांगितलं.

सातव्या गुरुवारी स्कॉलरची पाळी होती. विषय, रक्तातला ऑक्सिजन. त्याने फळ्यावर झोकात आलेख काढला. आलेख उजवीकडे सरकला म्हणजे हिमोग्लोबिन ऑक्सिजन चटकन सोडतं, डावीकडे सरकला म्हणजे घट्ट धरून बसतं. ताप आला, आम्ल वाढलं की उजवीकडे. इथवर सगळं बरोबर होतं. मग तो म्हणाला, "आता गंमत. रक्तपेढीत साठवलेलं रक्त. त्यात दिवसेंदिवस आम्ल वाढतं. आम्ल वाढलं म्हणजे आलेख कुठे? उजवीकडे. म्हणजे जुनं रक्त ऑक्सिजन सहज सोडतं."

मावशीचं पेन थांबलं. रक्तपेढीचे जुने डॉक्टर नव्या नर्सबायांना सांगायचे ते तिने शंभर वेळा ऐकलं होतं. जुन्या पिशवीतलं रक्त ऑक्सिजन धरून बसतं, लवकर सोडत नाही. तान्ह्या बाळाचं रक्त बदलायचं असलं की ती स्वतः आठवड्याच्या आतली पिशवी शोधून काढायची.

"अरे, आमच्याकडे तर उलटं सांगायचे," ती म्हणाली.

"कोण सांगायचं?"

"आमचे डॉक्टर. जुनं रक्त धरून बसतं म्हणून."

स्कॉलर हसला. वाईट हसला नाही, समजुतीने हसला, आणि तेच जास्त लागलं. "मावशी, ते ऐकीव झालं. आपण लॉजिकने जाऊ. आम्ल वाढतं की नाही?"

"वाढतं."

"आम्लाने आलेख उजवीकडे जातो की नाही?"

"जातो."

"मग झालं तर."

पुस्तक तिच्या पिशवीत होतं. तिचा हात पिशवीवर गेलासुद्धा. पण पुस्तक उघडायचं नाही असं ठरलं होतं, रेघ तिनेच मारली होती, आणि पाचही जण घड्याळाकडे बघत होते. वर तिला वाटलं, मी एक्केचाळीसवाली, हा पहिला येणारा. तिने हात मागे घेतला आणि वहीत लिहिलं, उजवीकडे. पुढच्या गुरुवारच्या तीन प्रश्नांत हा प्रश्न होता. सहाही जणांनी एका सुरात सांगितलं, "उजवीकडे." चुकीची गोष्ट त्यांनी अशी मन लावून घोकली.

परीक्षेत प्रश्न आला. साठवलेल्या रक्तात आलेख कुठे सरकतो, कारण द्या, चार गुण. डॉक्टरांचा आवाज कानात होता, स्कॉलरचाही. तिने वहीतलं लिहिलं.

निकाल लागला. स्कॉलरला एक्क्याऐंशी, बडबडीला एकसष्ट, तिघेही पास. हिला अठ्ठेचाळीस.

तिने अर्ज करून उत्तरपत्रिका पाहिली. मूत्रपिंडाला दहापैकी नऊ होते. साठवलेल्या रक्ताला शून्य. तिथेच बाहेरच्या ओट्यावर बसून तिने पिशवीतलं पुस्तक उघडलं. पान सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. तांबड्या पेशींत डीपीजी नावाचा पदार्थ असतो, तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावतो. साठवलेल्या रक्तात तो संपत जातो आणि आम्लाचा परिणाम त्यापुढे तोकडा पडतो. म्हणून आलेख डावीकडे. जुनं रक्त धरून बसतं. ती रडली नाही. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

गटातल्या सगळ्यांचे ते चार गुण गेले होते, पण त्यांना ते परवडले. स्कॉलर भेटायला आला. त्याला खरोखर वाईट वाटलं होतं. "तेव्हा तुम्ही नेट धरून बोलायला हवं होतं मावशी," तो म्हणाला. असल्या बोलण्याला उत्तर काय देणार, कपाळ!

ती रक्तपेढीत परत गेली. पिशव्या तिथेच होत्या, मावशीही तिथेच.

पुढच्या वर्षी नव्या तुकडीला रक्तपेढी बघायला आणलं. चुणचुणीत पोरं होती. खिडकीपाशी एक मुलगी मैत्रिणीला समजावत होती, "हे साठवलेलं रक्त ना, याचा आलेख उजवीकडे."

मावशी पिशव्यांची यादी बाजूला ठेवून उठली. "डावीकडे," ती म्हणाली.

मुलीने तिच्याकडे, तिच्या निळ्या साडीकडे, गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोरीकडे पाहिलं. "नाही हो मावशी, उजवीकडेच. सीनियरांच्या नोट्स आहेत आमच्याकडे. सगळे त्याच वाचतात." तिने मोबाइल काढून दाखवला. पहिल्या पानावर ते पत्र होतं. चार नियम स्वच्छ दिसत होते, पाचव्यावर रेघ होती. खाली सही. पूर्ण नावाची. आणि वर कोणीतरी मोठ्या अक्षरांत त्याच नावाने मथळा दिला होता, अमुक यांच्या गटाच्या नोट्स.

"या बाई फार हुशार होत्या म्हणे," मुलगी म्हणाली. "मूत्रपिंड तर काय शिकवलंय त्यांनी! तुम्ही ओळखता त्यांना?"

मावशीने ओळखपत्र उलटं केलं, नावाची बाजू आत गेली. "तुझ्याकडे पुस्तक आहे?" तिने विचारलं.

"पुस्तक कशाला? नोट्स आहेत ना."

आतून कोणीतरी हाक मारली, "मावशी, जरा हे उचला." ती उचलायला गेली.