सूट रविवारी आठला संपते

आमच्या गल्लीत अशी बातमी होती की माझी आत्या दागिन्यांच्या दुकानात रडून सोनं विकते. गिऱ्हाईक उठायला लागलं की हिचे डोळे भरून येतात, मग त्या बाईला जिवावर येतं आणि ती दोन बांगड्या घेऊनच उठते. समोरच्या काकू हे सांगताना स्वतःचेच डोळे पुसायच्या, म्हणजे बघा.

खरं एवढंच होतं की एकदा एक बाई काउंटरवर रडली. आत्या नाही, बाई. अंगठी विकायला आणली होती आणि विकवत नव्हती. आत्याने तिला पाणी दिलं, अंगठी पुसून परत डबीत घातली आणि म्हणाली, "आज राहू द्या. उद्याही दुकान इथंच आहे." त्या दिवशी खपलं शून्य. आत्याचे डोळे लाल असतात हे मात्र खरं. एकोणीस वर्षं काचेखालच्या त्या पांढऱ्या दिव्यांकडे बघून कुणाचेही होतील.

एकोणीस वर्षं ती उभी आहे. दुकानाचा नियमच तसा: गिऱ्हाईक बसणार, विकणारे उभे. गिऱ्हाईक नसलं तरी उभे, कारण काचेतून बाहेरच्यांना दिसतं. घरी आली की ती चपला दारातच सोडते आणि खुर्चीत अशी बसते की खुर्चीलाच "हुश्श" म्हणावंसं वाटावं. मी तिची ती बसायची नक्कल करते. बाबा हसतात आणि मग लगेच गप्प होतात, बहीण ना त्यांची.

दोन वर्षांपूर्वी तिला दिवसातून दोन तास बसायला मिळायला लागलं. कारण असं की दुकानाच्या फोनवरच्या जाहिराती, म्हणजे फोटोखाली लिहायच्या त्या दोन ओळी, छोटे शेठ लिहायचे आणि त्या वाचून मोठ्या शेठना करपट ढेकर यायचे. छोटे शेठ बोलतातच तसे. ऐका: "आत्ताच! धावा! फक्त आज! संधी गेली की गेली!" प्रत्येक शब्दाला हात वर. एकदा मोठे शेठ म्हणाले, "अरे, दुकान आहे की आग लागलीये?" आणि लिहायचं काम आत्याकडे आलं. वरच्या मजल्यावर कारागिराच्या टेबलाशेजारी एक लाकडी खुर्ची होती, तिची एक दांडी सैल. तीच आत्याची. सकाळी दहा ते बारा. ती खुर्ची मिळाल्यापासून तिच्या गुडघ्यांची सूज निम्मी झाली.

यंदा सणाच्या आधीची दहा दिवसांची सूट जाहीर झाली आणि त्याच दिवशी छोट्या शेठनी सांगितलं, "यंदा जमलं नाही तर पुढच्या वेळेपासून बाहेरच्या जाहिरात कंपनीला देऊ. तुम्ही काउंटरवरच बऱ्या." आत्या हे घरी सांगताना नुसती पायाचे अंगठे हलवत होती.

"मग तूही लिही ना, धावा धावा," मी म्हटलं.

"गेल्या वर्षी लिहिलं होतं. 'आज शेवटचा दिवस.' बायका कामं टाकून धावत आल्या. एकीने पोराला शाळेतून लवकर काढून आणलं. आणि दुसऱ्या दिवशी छोट्या शेठनी लिहिलं, 'लोकाग्रहास्तव मुदत चार दिवस वाढवली.' आल्या ना सगळ्या परत! शिव्या कुणी खाल्ल्या? लोकाग्रहाने?"

ती लिहायची ते तिच्या पद्धतीनं. रोज सकाळी आधी कारागिराला विचारायची, हातात किती कामं आहेत. कारागीर डोळ्याला भिंग लावून, मान वर न करता सांगायचा. हा माणूस वर्षाला चाळीस शब्द बोलतो, त्यातले निम्मे आकडे. पहिल्या दिवशीची ओळ अशी होती:

"नवीन बांगड्या घडवून, हॉलमार्क होऊन हातात यायला बारा दिवस लागतात. सणाला घालायच्या असतील तर उद्या शनिवारपर्यंत सांगा. नंतर सांगितलंत तरी आनंदाने करू, पण सणानंतर मिळतील. सूट घडणावळीवर आहे, सोन्याच्या भावावर नाही."

छोटे शेठ म्हणाले, "ही जाहिरात आहे की दवाखान्याची पाटी?"

"खोटं काय आहे त्यात?" आत्या म्हणाली.

"खोटं नाही, तोच तर प्रॉब्लेम आहे!"

रोज संध्याकाळी जेवायच्या आधी ती दुसऱ्या दिवशीची ओळ माझ्यापुढे ठेवायची. तिला माझ्या नकलांचा कंटाळा आहे असं ती सांगते, पण या कामाला त्या चालायच्या. "आता हे त्या नाक उडवणाऱ्या बाईसारखं वाच," ती म्हणायची. मी नाक उडवून वाचायची. "आता नवऱ्याला फोनवर विचारणारीसारखं." मी वाचायची: "अहो, ऐकताय का, सहाच कामं घेणारेत म्हणे, सहाच का बरं?" आणि आत्या तिथंच थांबून लिहायची की सहाच का: कारागीर एकटा आहे म्हणून. तिचा नियम एकच. जे काउंटरवर गिऱ्हाईकाच्या डोळ्यांत बघून म्हणता येत नाही, ते लिहायचं नाही. "फोनमधून खोटं बोलायला सोपं असतं," ती म्हणायची, "पण ती बाई शेवटी माझ्याचसमोर येऊन उभी राहते. म्हणजे बसते. उभी मी."

तर तिसऱ्या दिवशी लिहिलं, "सणाआधी माप बदलायची अजून सहा कामं घेता येतील. आमचा कारागीर एकटा आहे आणि घाईत केलेलं काम त्याला आवडत नाही." पाचव्या दिवशी, "तीन." सहाव्या दिवशी, "मापाची कामं भरली. तयार दागिने आहेत, निवांत बघायला या, बघायला पैसे पडत नाहीत." कारागिराने ते वाचलं आणि वर्षाच्या चाळिसातले तीन शब्द खर्च केले: "बरं लिहिलंय हां."

पण दुकान निम्मंच भरत होतं. गिऱ्हाईक होतं, पण दारात रांग नव्हती. छोटे शेठ रोज येऊन शेजारच्या दुकानात किती माणसं आहेत ते मोजून सांगायचे. आत्या आठवडाभरात इतकी थकली की मी बसायची नक्कल करायचं बंद केलं. मजा येईना.

आणि मग आठव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी साडेनऊला, आत्या अजून बसमध्ये असताना दुकानाच्या पानावर मोठ्या लाल अक्षरांत झळकलं:

"तुमच्या प्रचंड प्रतिसादाबद्दल आभार! लोकाग्रहास्तव मुदत चार दिवस वाढवली!!"

सूट संपायला अजून तीन दिवस होते.

झालं असं होतं की छोट्या शेठनी, आत्याचं काही जमायचं नाही अशी खात्री धरून, मुदतवाढीची ओळ सूट सुरू व्हायच्या आधीच लिहून ती ठरलेल्या दिवशी आपोआप झळकेल अशी लावून ठेवली होती. आणि तारीख टाकली होती गेल्या वर्षीच्या मुदतवाढीचीच. म्हणजे लोकांनी आग्रह करायच्या आधीच यांनी तो मान्य केला होता.

खाली लोक लिहायला लागले. "आम्ही आग्रह कधी केला?" "आभार कशाचे, मी अजून आलेच नाही!" आत्या दुकानात पोचली तेव्हा फोन वाजत होता आणि छोटे शेठ तो वाजू देत होते.

"राहू दे तसंच," ते म्हणाले. "वाढवली तर वाढवली. चार दिवस जास्त विकू."

"ज्या बाया उद्या-परवा यायच्या ठरवून बसल्यात त्या आता येणार नाहीत," आत्या म्हणाली. "आणि ज्या आल्या त्या वेड्या ठरल्या."

"मग काय लिहायचं? 'आमचं चुकलं'?"

"हो."

मोठे शेठ गल्ल्यापाशी बसले होते. त्यांनी चष्मा काढला. ते विचारात पडले की चष्मा काढतात आणि मग त्यांना समोरचं कुणीच दिसत नाही, त्यामुळे निर्णय सोपा जातो. "लिही," ते म्हणाले. "पण मग शब्द पाळायचा. रविवारी आठ म्हणजे आठ. नाही चाललं, तर लिहायचं काम त्याच्या त्या बाहेरच्या कंपनीला."

आत्या वर गेली, सैल दांडीच्या खुर्चीत बसली आणि लिहिलं:

"आज सकाळी आमच्याकडून चुकीची ओळ गेली. मुदत वाढवलेली नाही. घडणावळीवरची सूट रविवारी रात्री आठला संपते. सोमवारी आलात तर सूट नसेल, चहा असेल. गेल्या वर्षी शेवटचा दिवस सांगून पुढं वाढवला, त्या वेळी धावत आलेल्यांची माफी."

शेवटच्या वाक्याबद्दल तिने कुणालाच विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी तिच्याशी पैज लावली. माझं म्हणणं असं की सोमवारी पहिली बाई येईल, "एका दिवसाने काय होतंय?" म्हणेल, आणि छोटे शेठ पाघळतील. आत्या म्हणाली, नाही. मी हरले तर आठवडाभर कुणाचीही नक्कल करायची नाही. ती हरली तर मला हवी तेवढी तिची नक्कल, तिच्या दुकानातल्या लोकांसमोर.

शनिवारी लोक आले. रविवारी त्याहून जास्त. काही बायकांनी आत आल्या आल्या विचारलं, "ते माफीचं कुणी लिहिलं हो?" आणि आत्या म्हणाली, "दुकानाने." शाळेतून पोराला काढून आणणारीही आली, या वेळी पोर जेवून-खाऊन सोबत. आठ वाजता मोठ्या शेठनी स्वतः काचेवरची पाटी उतरवली. रांग तेव्हाही नव्हती, पण बसायच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या.

सोमवारी कॉलेजच्या आधी मी मुद्दाम दुकानात गेले. पैज होती, साक्षीदार नको? दहा वाजून दहा मिनिटांनी एक बाई आली, पर्स काचेवर ठेवली आणि म्हणाली, अगदी मी म्हटलेल्या शब्दांत, "एका दिवसाने काय होतंय?"

आत्याने फक्त छोट्या शेठकडे बघितलं. त्यांचा हात वर गेला, तोच तो धावा-धावाचा हात, आणि हवेत अडकला. मग खाली आला.

"सूट काल संपली, ताई," ते म्हणाले. "चहा घेणार?"

बाईंनी चहा घेतला. दागिना घेतला नाही. गेल्या. छोटे शेठ दाराकडे बघत राहिले. मोठे शेठ गल्ल्यावरून आत्याला म्हणाले, "पुढच्या हंगामालाही तूच लिही. आणि त्या खुर्चीची दांडी बसवून घे."

"म्हणजे परत मीच," आत्या म्हणाली आणि काउंटरवर उभी राहिली. दहाची बसायची वेळ होऊन गेली होती, पण समोर दुसरं गिऱ्हाईक येत होतं.

रात्री जेवताना मी तोंड मिटून बसले होते. आत्याने गरम पाण्यात पाय सोडले, पापड मोडला आणि बाबांकडे वळून, हात हवेत अडकवून, हुबेहूब छोट्या शेठच्या आवाजात म्हणाली, "सूट काल संपली, ताई." बाबांना ठसका लागला. माझ्यापेक्षा चांगली नक्कल होती. आणि आठवड्याचे अजून सहा दिवस बाकी होते.