सातवा फोन

लसीकरणाच्या दुसऱ्या दिवशी गंगा माणसात नसते. डोळे उघडे असतात, पायात चपला असतात, खांद्याला पिशवी असते, पण आतली गंगा बुधवारी संध्याकाळीच कुठेतरी आडवी झालेली असते. राजापूरपासून तासाभरावरच्या त्या गावात ती चौदा वर्षं आशाताई आहे. म्हणजे गावातल्या चौदा वर्षांखालच्या प्रत्येक पोराचं पहिलं रडं तिने ऐकलं आहे, आणि पुढची बरीचशी फोनवर.

या बुधवारी सात पोरांना लस झाली. निशिगंधा सिस्टरने सुया टोचल्या आणि दरवेळचं सगळं सांगितलं. पोर किरकिर करेल, एक-दोन दिवस झोप मोडेल, अंग थोडं कोमट होईल, मांडी जराशी लाल होईल, सुजेल. चोळायचं नाही, तेल लावायचं नाही, अंगावर पाजत राहायचं. ताप शंभराच्या वर सरकला, पोर तीन-तीन तास काही केल्या थांबेना, झटका आला, श्वास लागला, दूध सोडलं किंवा जागं करूनही जागं होईना, तर वाट बघत बसायचं नाही. आयांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन गंगाला फोन लावले.

एकीने फोन पोराच्या तोंडाशी धरला. "ऐका ताई, कसा रडतोय!" जणू गंगा सूर तपासणार होती. एकीच्या सासूने मांडीवर बटाट्याची चकती बांधली होती आणि ती सोडावी की नाही यावर घरात दोन तट पडले होते. मुंबईच्या एका बापाने तर व्हिडिओवरूनच पोराचा ताप बघायला सांगितलं. "बघून कसा कळेल भाऊ?" गंगा म्हणाली. "चेहरा तापट दिसतो काय, तेवढं सांगा," बाप म्हणाला.

प्रत्येकाला ती तेच विचारत होती. दूध पितंय? लंगोट ओला होतोय? उचलून घेतल्यावर थोडं तरी शांत होतंय? मग रडू दे बाय. सुई टोचलीय, गुलाबजाम दिलेला नाही.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास ती सहावं घर उरकून पाणंदीच्या तोंडाशी बसली. सातवं घर वर होतं. चिंतामणीकाकांचं. गाडीरस्ता होता तो मागून, लांबच्या वळशाने; पायी जायचं तर जांभ्याच्या शंभरेक पायऱ्या आणि त्यानंतर उघडा कातळाचा सडा, आणि गंगाच्या टाचा तर आठव्या पायरीलाच राजीनामा देत. सहा घरांनी मिळून एकवीस फोन केले होते. सातव्या घरातून एकही नाही.

'देवमाणसं,' गंगा मनात म्हणाली आणि घरी जाऊन पाय पसरायचा बेत पक्का केला. पिशवी उचलली. चार पावलं उतरली. आणि थबकली.

चिंतामणीकाका आणि फोन नाही? बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी बाग आणि गंगाचा नंबर, या दोनच गोष्टींची मनापासून मशागत केली होती. लेक अपूर्वा बाळंतपणाला आली तेव्हापासून नातू शिंकला तरी फोन. लसीच्या आदल्या दिवशी तर उजव्या मांडीत की डाव्या, एवढ्यासाठी तीनदा. असा माणूस लस होऊन चोवीस तास गप्प?

"मेल्या टाचांनो, चला," असं म्हणून गंगा पायऱ्या चढू लागली.

काका ओटीवर पेपर वाचत बसले होते, चेहऱ्यावर शतक ठोकल्याचा आनंद. "ये गो गंगा! गावभर कोकलतायत ना पोरं? आमचा वेद बघ. झोपलाय! काल संध्याकाळी भयंकर रडला हो, अपूर्वा बिचारी फेऱ्या मारून थकली. मग मी म्हटलं, तुमचं ते विज्ञान ठेवा बाजूला."

"म्हणजे काय केलंत?"

"आपल्या बागेतलं जायफळ! सहाणेवर उगाळलं, आईच्या दुधात कालवलं, दिलं चाटवून. गुणकारी."

गंगा आत गेली. अपूर्वा भिंतीला टेकून बसल्या बसल्याच डुलकी घेत होती. दहा आठवड्यांचा वेद शेजारी पाळण्यात, छान, गोरा, शांत. फारच शांत.

"शेवटचं दूध कधी प्यायला?"

अपूर्वा दचकून जागी झाली. "पहाटे पाचला थोडंसं. झोपलाय म्हणून उठवलं नाही. लसीनंतर झोपेचं तंत्र बिघडतं असं सिस्टर म्हणाल्या ना?"

"बिघडतं. थोडा जास्त झोपला तरी चालतं. पण दुधाला उठला पाहिजे." गंगाने लंगोट चाचपला. कोरडा. थर्मामीटर लावला. साडेनव्व्याण्णव. ताप अगदी साधा होता. तिने तळपायाला टिचकी मारली, मग जरा जोरात मारली. वेदने एक पापणी अर्धी उचलली आणि परत टाकली. अपूर्वाने छातीशी धरलं तर ओठ हलले नाहीत. हात लोंबत राहिला.

गंगाचा सगळा शीण एका क्षणात उतरला आणि त्याच्या जागी भीती येऊन बसली.

"काका, गाडी काढा. आरोग्य केंद्रात जायचंय. आत्ता."

"अगो पण ताप नाही, रडत नाही…"

"रडत नाही म्हणूनच."

ज्या चिंतामणीकाकांना आजवर गावातल्या सायकलीसुद्धा मागे टाकत, त्यांनी त्या दिवशी घाटातली वळणं अशी घेतली की गंगाने उरलेले सगळे नवस एकदम बोलून टाकले. मागच्या सीटवर ती वेदचा श्वास मोजत होती. निघण्याआधीच तिने डॉक्टरांना फोन करून ठेवला होता.

"लसच बाधली," काका अर्ध्या वाटेत म्हणाले. "लसच."

"काका, जायफळ किती उगाळलंत?"

"किंचित."

"किंचित म्हणजे किती वेढे?"

पुढचं वळण गेलं, मग पूल गेला. "आमची आई तीन वेढे द्यायची. मी…मोजले नाहीत. दाट केलं. रात्री परत दिलं. पहाटे परत. तो रडला की अपूर्वा रडायची गो. बघवेना."

"हेच डॉक्टरांना सांगायचं. जसंच्या तसं. त्यात किंचित म्हणायचं नाही."

आणि चिंतामणीकाकांनी सांगितलं. अपूर्वासमोर, नर्ससमोर, केसपेपर काढायला आलेल्या चार माणसांसमोर, मान खाली घालून. डॉक्टरांनी वेदची साखर तपासली, श्वासाकडे लक्ष ठेवायला नर्सला बसवलं. "ताप आणि कालची किरकिर लसीची असेल. ही गुंगी जायफळाची दिसते," ते म्हणाले. "एवढ्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काही म्हणजे काहीच नको. आजची रात्र इथेच राहू दे."

दुपारचे चार वाजले. गंगा बाकावर बसून होती. घरी भात लावायचा होता, अहवाल भरायचा होता, टाचा ठणकत होत्या. शेजारी काका केसपेपरची घडी उलगडत होते आणि पुन्हा घालत होते.

मग आतून आवाज आला. आधी कुरकुर, मग किरकिर, मग छप्पर उडवील असं भोकाड. काका ताडकन उठले. "अगो, रडतोय!"

"रडू दे," गंगा म्हणाली आणि डोळे पुसले. आत दोन मिनिटांनी चुटूचुटू दूध प्यायचा आवाज येईपर्यंत ती बसून राहिली. मग शेवटच्या एसटीची वेळ बघून उठली.

शनिवारी दुपारी ती चटईवर आडवी होते तोच फोन वाजला.

"गंगा, वेद घरी आला. पण काल रात्री दोनदा उठला, आज किरकिर करतोय."

"दूध?"

"पितो."

"लंगोट?"

"चार झाले. मी लिहून ठेवलेत."

"ताप?"

"अठ्ठ्याण्णव. आणि ऐक, सहाण मी माळ्यावर टाकली, जायफळं शेजारी वाटली, म्हणजे मोठ्यांना हो, श्रीखंडासाठी. उगाळताना वेढे मोजा म्हणून बजावलं. आता तो हाताची मूठ तोंडात घालतोय, त्याचं काय करायचं, तेवढं…"

फोन कानाशी होता, काका बोलत होते, आणि गंगा केव्हाच झोपली होती.