मनगटाचं माप

बावड्याच्या नीळकंठ शिंप्याला एकाच गोष्टीचा ताठा होता. त्यानं घेतलेलं माप चुकत नाही. बाकी माणूस गरीब, उधारी मागतानाही स्वतःच ओशाळणारा. पण कुणी मापावर बोट ठेवलं की त्याला दोन दिवस जेवण गोड लागत नसे. त्यामुळे त्या सकाळी प्रयागबाई दुकानाची पायरी चढतानाच ओरडल्या, तेव्हा त्यानं हातातली कात्री खाली ठेवली.

"तात्या, काय माप लिवून दिलंत? परवा लगीन हाय, आन् शेरवानी अंगात शिरंना!"

मागोमाग त्यांचा मुलगा विजयसिंह आला. हसत होता, पण धाप लागल्यासारखा. वीस दिवसांपूर्वी नीळकंठनं याच दुकानात त्याची मापं घेतली होती आणि तीच चिठ्ठी बारामतीच्या दुकानात गेली होती. शेरवानी तिथं शिवली गेली, काल संध्याकाळी गाडीनं आली.

"घाल बघू," नीळकंठ म्हणाला.

विजयसिंहानं कुडत्यावर शेरवानी चढवली. पाठीवर आडव्या घड्या पडल्या. खालची तीन बटणं लागली, छातीवरची काज्यापासून दोन बोटं लांब राहिली. गळपट्टीचा हूक तर लागलाच नाही. नीळकंठनं ओढून बघितला तसा पोराचा चेहरा लाल झाला. डोळ्यांखालची कातडी फुगून चकाकत होती.

"केळवणं मानवली नवरदेवाला," प्रयागबाई आता जरा हसल्या. "बारा घरची झाली. व्हणाऱ्या सुनंच्या, सोनलच्या मामानं तर पुरणपोळ्यांचा ढीगच वाढला."

साऱ्या गावाचं हेच म्हणणं होतं. जो भेटेल तो विजयसिंहाच्या गालाला हात लावून म्हणे, अंगावर तेज आलंय. नीळकंठही आधी हसला. मग त्याच्यातला शिंपी जागा झाला. त्यानं वही काढली. छाती अडतीस, कंबर चौतीस, गळा पंधरा. शेरवानी टेबलावर सपाट अंथरून टेप लावली. छाती चाळीस, म्हणजे वहीतल्या मापाहून दोन इंच सैल. चिठ्ठी बरोबर, कारागीर बरोबर. मग त्यानं विजयसिंहाच्या छातीला टेप गुंडाळली. एक्केचाळीस. गळा सोळा. वीस दिवसांत.

"सैल करून देतो," तो म्हणाला. "उद्या हळद, परवा लगीन. संध्याकाळी ट्रायलला या. चुडीदार घरी बरोबर बसली म्हणता, ती उसवत नाही; पण येताना आणा."

ते गेल्यावर त्यानं काम धरलं. पुढचा भाग उसवायचा नाही, कारण जरीचं काम पार कडेपर्यंत आलेलं. तिथं हात घातला की नक्षी तुटते. बटणं सरकवली तर अर्धा इंच मिळतो, त्याहून जास्त नाही. जे मिळायचं ते दोन्ही कुशींच्या आणि पाठीच्या शिवणीत. त्यानं खालची दुमड सोडून अस्तर वर केलं आणि आत डोकावला. बारामतीच्या कारागिरानं माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड, भरपूर ठेवली होती, कुशीला इंचभर, पाठीला पाऊण. त्यानं मनातल्या मनात त्या अनोळखी माणसाला रामराम केला. ब्लेडच्या टोकानं एकेक टाका तोडत त्यानं तिन्ही शिवणी मोकळ्या केल्या. कापड विसविशीत होतं, म्हणून कडा आधी ओव्हरलॉक करून घेतल्या. जुन्या टाक्यांची भोकं दिसू लागली तशी ओलं फडकं टाकून इस्त्रीची वाफ दिली आणि नखानं घासून ती बुजवली. अस्तराला माया कमी, तिथं त्याच रंगाची पट्टी जोडायची. बगलेत कापडाची एक तिकोनी कळी घालायची. हिशेब बसत होता. चार इंच सुटत होते.

मग तो बाह्यांकडे वळला, आणि तिथं त्याचा हात थांबला.

सकाळी मनगटाशीही बाही आवळली होती. त्यानं सवयीनं माप घेऊन चिठ्ठीवर लिहिलं होतं; आता ते वहीतल्या जुन्या मापाशेजारी धरलं. पाऊण इंच जास्त. नीळकंठनं तीस वर्षांत नवरदेव सुटताना बघितले होते. आधी पोट, मग कंबर, मग बगला. मनगट नाही. बारा काय, पन्नास केळवणं जेवला तरी माणसाचं मनगट वीस दिवसांत वाढत नाही. टेबलावर उसवलेली शेरवानी हातपाय पसरून पडली होती. नीळकंठला तिच्याकडे बघवेना. त्यानं उगाचच पंखा बंद केला.

पाचला विजयसिंह आला, आईसोबत. नीळकंठनं कच्च्या धाग्यानं शेरवानी जोडून ठेवली होती. ती अंगात गेली. आणि गळपट्टीचा हूक, जो सकाळी ओढूनही लागला नव्हता, तो अलगद लागला. नीळकंठनं गळपट्टीला हातही लावला नव्हता.

"बघा, झालं!" प्रयागबाई म्हणाल्या.

"चुडीदार?" नीळकंठनं विचारलं.

विजयसिंह पडद्याआड गेला. बराच वेळ आला नाही. मग आतून म्हणाला, "तात्या, ही पिंडरीच्या वर सरकंना. सकाळी तर घरी घालून बघितली होती मी."

सकाळी गळ्याशी होतं ते आता पायांत उतरलं होतं. पोराच्या अंगात काहीतरी दिवसभर हिंडत होतं, आणि कापड तेवढं ते सांगत होतं. त्यानं पडदा सारला, विजयसिंहाला स्टुलावर बसवलं, चुडीदार काढायला लावली आणि नडगीवर अंगठा दाबला. उचलला. तिथं खळगा पडला होता. चांगला अर्ध्या पेराएवढा खोल. तो भरेना.

"दुखतं का?"

"न्हाय. नुसतं जड वाटतं. लघवीला फेस येतो दोन आठवडे. म्हटलं गोडाधोडाचं असंल."

"वहिनी," नीळकंठ म्हणाला, "याला आत्ता बारामतीला दवाखान्यात न्या."

"काय बोलताय! उद्या हळद हाय. पाव्हणं यायला लागल्यात. लगीन लागू द्या, मग नेऊ."

"तात्या, तुमी शिवा फक्त," विजयसिंहही म्हणाला. "तीन दिवसांनी जातो."

नीळकंठ आयुष्यात कुणाला नाही म्हणाला नव्हता. त्यानं पोराच्या अंगावरून शेरवानी उतरवली. पाठीचा कच्चा धागा धरला आणि एका ओढीत सगळा काढला. मग दोन्ही कुशींचा. पाठ सुटली, पुढची पाखं बाजूला लोंबली.

"दवाखान्यातनं आल्याबिगर हिला सुई लावणार न्हाय," तो म्हणाला. "मग मला गावानं काय म्हणायचं ते म्हणू दे."

प्रयागबाईंचा संताप तोंडापर्यंत आला. पण त्यांची नजर नडगीवर गेली. खळगा अजून तसाच होता. त्या खाली बसल्या आणि शेजारी स्वतःचा अंगठा ठेवला. दाबला, काढला. दोन खळगे एकाशेजारी एक. त्या बघत राहिल्या. मग लेकाकडे न बघता म्हणाल्या, "गाडीची किल्ली दे. तू चालवू नगंस."

बारामतीला डॉक्टरांनी लघवी-रक्त तपासलं. मूत्रपिंडातून अंगातली प्रथिनं वाहून जात होती आणि पाणी अंगातच साठत होतं. मीठ बंद, औषधं सुरू. अजून आठवडा असाच गेला असता तर पाणी फुप्फुसात उतरलं असतं, असं ते म्हणाले. पोर बरं होईल, पण महिने लागतील. सोनल काटेवाडीहून मेंदी लागल्या हातांनीच आली. मुहूर्त दुसरा बघू, एवढंच बोलली.

दोन दिवसांनी, लग्नाच्या दिवशीच, नीळकंठ बघायला गेला. प्रयागबाई बाहेर बाकड्यावर एकट्या बसल्या होत्या.

"तात्या," त्या म्हणाल्या, "बारा घरी मी संगं हुते. लोणच्याची फोडसुदिक मीच वाढली. रोज ह्या हातानं तोंड कुरवाळलं त्याचं, आन् हरकले. मला कसं दिसलं न्हाय?"

नीळकंठला सांगता आलं असतं, की मी टेप लावली म्हणून मला दिसलं. पण आईनं लेकाला टेप लावायची नसते, हे त्याला कळत होतं. तो त्यांच्याशेजारी बसला आणि त्या रडायच्या थांबेपर्यंत उठला नाही.